'क्वालिफाइड' म्हणजे पास नव्हे: ऑडिटरच्या तीन मतांचा अर्थ कसा लावायचा

प्रश्न: वडिलांकडे एका लिस्टेड कंपनीचे शेअर आहेत. यंदाच्या वार्षिक अहवालात ऑडिटरच्या रिपोर्टवर 'क्वालिफाइड ओपिनियन' असं लिहिलंय. मला वाटलं क्वालिफाइड म्हणजे चांगलं, पण मित्र म्हणतो लगेच विकून टाक. कंपनीने ग्रुपमधल्याच एका कंपनीला ४० कोटी दिलेत आणि ते परत मिळतील याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही, असं काहीतरी खाली आहे. कंपनीचा करपूर्व नफा २२ कोटी आहे. अ‍ॅडव्हर्स आणि डिस्क्लेमर हे याहून वाईट असतात का? असल्या हिशेबांवर किती विश्वास ठेवायचा?

उत्तर:

तुमचा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. मी आर्टिकलशिप करत असताना एका संचालकांनी 'आम्हाला क्वालिफाइड रिपोर्ट मिळाला' म्हणून ऑफिसात पेढे आणले होते. इथे क्वालिफाइड हा शब्द 'पात्र' या अर्थाने येत नाही. मताला मर्यादा घातली आहे, असा त्याचा अर्थ. मराठीत 'सशर्त मत' म्हणतात ते हेच. ऑडिटर म्हणतोय: ही एक गोष्ट वगळली तर बाकीचे हिशेब खरं आणि वाजवी चित्र दाखवतात. त्यामुळे शेअर ठेवायचे की विकायचे याचं उत्तर 'क्वालिफाइड' या शब्दात मिळणार नाही, ती 'एक गोष्ट' काय आणि केवढी आहे यात मिळेल.

ऑडिटर ही मतं स्वतःच्या मनाने ठरवत नाही. आपल्याकडे त्यासाठी चार्टर्ड अकाउंटंट्स इन्स्टिट्यूटचं एसए ७०५ हे मानक आहे आणि त्याचा गाभा दोन प्रश्नांत मावतो. पहिला प्रश्न: अडचण नेमकी कसली आहे? हिशेबात चूक आहे हे ऑडिटरला कळलंय, की चूक आहे की नाही हे ठरवायला लागणारा पुरावाच त्याला मिळालेला नाही? दुसरा प्रश्न: ही अडचण एका जागी आहे, की हिशेबभर पसरली आहे? अडचण मोठी पण एका जागी असेल तर मत सशर्त होतं, मग ती चुकीची असो वा पुराव्याची. कळलेली चूक सगळीकडे पसरली असेल तर मत प्रतिकूल, म्हणजे अ‍ॅडव्हर्स. पुरावाच नाही आणि त्याचा परिणाम सगळीकडे पोचू शकतो, अशी स्थिती असेल तर ऑडिटर मत देतच नाही, तो डिस्क्लेमर.

म्हणून या तिघांना 'वाईट, जास्त वाईट, सर्वांत वाईट' अशा पायऱ्या समजू नका. अ‍ॅडव्हर्स आणि डिस्क्लेमर हे दोन वेगळ्या वाटांवरचे शेवटचे थांबे आहेत. एकात ऑडिटरला बरंच काही माहीत असतं, दुसऱ्यात जवळजवळ काहीच नसतं. वाचणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे. कसा, ते एका उदाहरणाने दाखवतो. आकडे मी माझ्या मनाचे घेतलेत, पण प्रसंग रोजच्या कामातलेच आहेत.

समजा, भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. विक्री ६० कोटी, करपूर्व नफा २ कोटी ४० लाख. नेट वर्थ, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा केल्यावर उरणारी रक्कम, १६ कोटी. ग्राहकांकडून येणे १४ कोटी. त्यातले ३ कोटी २० लाख एकाच ग्राहकाकडे दोन वर्षांपासून अडकलेत आणि तो ग्राहक आता लिक्विडेशनमध्ये गेलाय. आपली कंपनी तिथे विनातारण धनको, म्हणजे रांगेत पार मागे. ऑडिटर म्हणतो, फार तर २० लाख हाती लागतील, ३ कोटींची तरतूद करा, म्हणजे तेवढे बुडीत धरून नफ्यातून वजा करा. मालक म्हणतात, 'साहेब, पंचवीस वर्षांचे संबंध आहेत, पैसे कुठे जात नाहीत.' तरतूद होत नाही. ऑडिटर सशर्त मत देतो आणि 'बेसिस फॉर क्वालिफाइड ओपिनियन' या परिच्छेदात लिहितो की तरतूद केली असती तर येणे ३ कोटींनी कमी दिसलं असतं आणि नफ्याच्या जागी ६० लाखांचा तोटा आला असता.

आता वाचणाऱ्याच्या हाती काय आलं ते बघा. पेन्सिल घ्यायची, १४ कोटींचे ११ करायचे, २ कोटी ४० लाख नफा खोडून ६० लाख तोटा लिहायचा, नेट वर्थ १६ वरून १३ करायची. (आयकराचा परिणाम सोपेपणासाठी सोडून दिलाय.) एवढं केलं की बाकीचा ताळेबंद वापरण्याजोगा आहे. अशा रिपोर्टमुळे हिशेब अविश्वसनीय ठरत नाहीत. दुरुस्ती कुठे करायची ते ऑडिटरने बोट ठेवून सांगितलेलं असतं आणि ती दुरुस्ती तुम्हाला स्वतः करता येते. बँकेचा अधिकारी हेच करतो. खरं तर तिथे ड्रॉइंग पॉवर, म्हणजे कंपनीला प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, काढताना ९० दिवसांवरची उधारी सहसा आधीच वगळलेली असते, त्यामुळे या क्वालिफिकेशनने त्याची लिमिट फारशी हलत नाही. पण नेट वर्थ १६ च्या ऐवजी १३ धरली की कर्जाचं गुणोत्तर बदलतं आणि तिथे त्याची भुवई उंचावते.

एकच बाकी, पण नफ्याचा तोटा झाला, तरी हे 'पसरलेलं' नाही का? हा प्रश्न योग्य आहे आणि दोन चांगले ऑडिटर त्यावर दोन तास वाद घालू शकतात. चूक एखाद्या खात्यापुरती मर्यादित नसेल, किंवा मर्यादित असूनही तिने हिशेबाचा मोठा भाग व्यापला असेल, किंवा ती अशा माहितीबद्दल असेल की जिच्याशिवाय वाचणाऱ्याला हिशेब समजणारच नाहीत, तर ती पसरलेली धरतात. टक्केवारीची रेघ मानकात कुठेही आखलेली नाही. माझं मत विचाराल तर इथे चूक एका बाकीत आहे, तिची रक्कम स्पष्ट आहे आणि दुरुस्त केल्यावर चित्र सरळ होतं, म्हणून मी सशर्तवर थांबेन.

क्वालिफाइडचा दुसरा प्रकार यापेक्षा जास्त सावधपणे वाचावा लागतो आणि दोन्ही प्रकारांतला फरक इंग्रजी रिपोर्टमध्ये एका शब्दावर असतो. मताच्या वाक्यात 'एक्सेप्ट फॉर द इफेक्ट्स ऑफ' असेल तर ऑडिटरला चूक माहीत आहे. 'एक्सेप्ट फॉर द पॉसिबल इफेक्ट्स ऑफ' असेल तर त्याला पुरावाच मिळालेला नाही. हा 'पॉसिबल' बहुतेक जण वाचतच नाहीत. मी रिपोर्ट हातात घेतला की आधी तोच शोधतो.

एका कापड व्यवसायातल्या कंपनीचं काम आमच्याकडे मे महिन्यात आलं. आधीच्या ऑडिटरने मध्येच सोडलं होतं. वर्ष ३१ मार्चलाच संपलेलं, म्हणजे त्या दिवशी गोदामात उभं राहून मोजणी बघायची संधी गेलेली. कंपनीने मोजणीचे कागद दिले. तीन गोदामं, तिन्हीकडच्या सुताच्या पोत्यांची संख्या, तारीख ३१ मार्च, खाली सही. तिन्ही कागदांवर अक्षर एकच, पेनही एकच. गोदामं एकमेकांपासून बऱ्यापैकी लांब. आमच्या एका मुलीने सहज हजेरीपत्रक मागवलं, तर ज्याची सही होती तो स्टोअरकीपर ३० आणि ३१ मार्चला रजेवर.

अशा वेळी लगेच 'घोटाळा' म्हणून ओरडायचं नसतं. कागद नंतर बसून लिहिले एवढंच सिद्ध होतं, माल नव्हता असं सिद्ध होत नाही. आम्ही जूनमध्ये स्वतः मोजणी केली आणि मागे जायचा प्रयत्न केला: आज मोजलेला माल, त्यातून एप्रिलपासूनची आवक वजा, त्यात मागाला गेलेलं सूत मिळवलं की ३१ मार्चचा साठा निघायला हवा. दोन गोदामांचा हिशेब थोड्याफार फरकाने जुळला. तिसऱ्याच्या इश्यू स्लिपांचे अनुक्रमांकच सलग नव्हते, मधली दोन पुस्तकं गायब. तिथल्या १ कोटी ९० लाखांच्या मालाबद्दल आम्हाला 'आहे' म्हणता येईना आणि 'नाही' म्हणता येईना. म्हणून 'पॉसिबल इफेक्ट्स' वालं सशर्त मत.

असा रिपोर्ट वाचताना पेन्सिलीने एकच आकडा दुरुस्त करता येत नाही. शून्य ते १ कोटी ९० लाख अशी पट्टी धरावी लागते. मी स्वतः दोन ताळेबंद मांडतो: एक कंपनीने दिला तसा आणि दुसरा तो माल अजिबात नव्हता असं धरून. दुसऱ्यातही कंपनी तग धरत असेल तर निवांत राहायचं. दुसऱ्यात ती कोसळत असेल तर पहिल्या ताळेबंदाला फारसा अर्थ उरत नाही. आणखी एक बारकावा आहे. या वर्षीचा अखेरचा साठा म्हणजे पुढच्या वर्षीचा सुरुवातीचा साठा. त्यामुळे पुढल्या वर्षी मोजणी चोख झाली, तरी त्या वर्षीच्या नफ्याबद्दल शंका उरतेच, कारण नफ्याचा हिशेब सुरुवातीच्या साठ्यापासून सुरू होतो. अशा वेळी ताळेबंदावर स्वच्छ मत आणि फक्त नफा-तोटा पत्रकावर सशर्त मत, असा रिपोर्टही निघू शकतो. तो पाहून कंपनी पुन्हा चुकली असं समजू नका, ती आदल्या वर्षीच्या घोळाची सावली असते.

आता अ‍ॅडव्हर्स. भोसरीच्या त्याच कंपनीकडे परत जाऊ. ३ कोटींची तरतूद नाही, हे तर आहेच. शिवाय नवीन शेडच्या नावाखाली १ कोटी ८० लाखांचे रोजचे पगार आणि व्याज भांडवली खर्चात टाकलंय, शेड मात्र दीड वर्षापूर्वीच सुरू झालीय. कामगारांच्या ग्रॅच्युइटीचं दीड कोटींचं देणं कुठे दाखवलेलंच नाही. तिन्हींची बेरीज ६ कोटी ३० लाख. २ कोटी ४० लाख नफ्याचा ३ कोटी ९० लाख तोटा झाला आणि नेट वर्थ १६ वरून ९ कोटी ७० लाखांवर आली. येणं चुकीचं, स्थावर मालमत्ता चुकीची, देणी अपुरी, पगाराचा आणि व्याजाचा खर्च कमी. ताळेबंदात कुठेही बोट ठेवा, तिथे डाग. इथे 'हे वगळता बाकी ठीक' म्हणायला 'बाकी' काही उरलेलंच नाही. ऑडिटर लिहितो की हे हिशेब खरं आणि वाजवी चित्र दाखवत नाहीत.

हिशेब मुळातच चुकीच्या गृहीतावर उभे असले तरी अ‍ॅडव्हर्स येतो आणि इथे बेरीज-वजाबाकीचा प्रश्नच नसतो. हिशेब 'कंपनी पुढे चालू राहणार' असं धरून मांडलेले असतात. कंपनी बंद करायचं ठरलंय, यंत्रं विकायला काढलीत, तरी हिशेब चालू कंपनीसारखेच मांडले असतील, तर टिपांमध्ये कितीही खुलासे दिले तरी ऑडिटरने प्रतिकूलच मत द्यायचं असतं. उलट कंपनी अडचणीत आहे, टिकेल की नाही शंका आहे, पण ती शंका कंपनीने टिपांमध्ये प्रामाणिकपणे मांडलीय, तर मत स्वच्छ राहतं आणि रिपोर्टमध्ये 'मटेरियल अनसर्टन्टी रिलेटेड टू गोइंग कन्सर्न' असा वेगळा परिच्छेद येतो. म्हणजे धडधाकट कंपनीचा रिपोर्ट क्वालिफाइड आणि मरणपंथाला लागलेल्या कंपनीचा स्वच्छ, असं सहज घडू शकतं. मत हिशेबावर असतं, धंद्याच्या तब्येतीवर नाही. गुंतवणूकदारांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

अ‍ॅडव्हर्स प्रत्यक्षात क्वचितच बघायला मिळतो. त्याचं कारण कंपन्यांचा चांगुलपणा नाही. रिपोर्टचा मसुदा आधी कंपनीला दाखवला जातो. त्यात 'अ‍ॅडव्हर्स' शब्द दिसला की बँक, शेअरबाजार, सगळं डोळ्यांपुढे येतं आणि कालपर्यंत अशक्य असलेली तरतूद रात्रीत होते. दोन-तीन नोंदी दुरुस्त करून प्रकरण सशर्तवर आणलं जातं. म्हणूनच छापून आलेला अ‍ॅडव्हर्स म्हणजे दुरुस्तीची संधी देऊनही कंपनी अडून बसली, एवढं नक्की समजा. आकड्यांइतकंच ते व्यवस्थापनाच्या वृत्तीबद्दल सांगतं. तरी त्यातली एक गोष्ट वाचकाच्या फायद्याची असते: कारणांच्या परिच्छेदात बहुधा रकमा दिलेल्या असतात. कष्ट घेतले तर खरा ताळेबंद जवळपास पुन्हा मांडता येतो, वर मांडला तसा.

डिस्क्लेमरमध्ये ती सोय नाही. समजा त्याच कंपनीचा सर्व्हर फेब्रुवारीत रॅन्समवेअरने बसला. बॅकअप त्याच मशीनवर होता, तोही गेला. विक्रीची बिलं ग्राहकांकडून गोळा करून वही पुन्हा लिहिली, पण अर्धवट. दोन भावांत भांडण आणि व्हाउचरच्या फाइली एकाच्या घरी कुलपात. ग्राहकांना बाकी कळवायची पत्रं पाठवली, उत्तरं मोजकीच. ऑडिटर आधी अडथळा दूर करा म्हणून सांगतो, नाही केला तर संचालकांना लेखी कळवतो. तरीही काही नाही, तर जमल्यास काम सोडतो, नाहीतर 'आम्ही मत देत नाही' असं लिहून सही करतो.

असा रिपोर्ट हातात आला तर ते हिशेब ऑडिट न झालेले समजूनच वाचा. आकडे बरोबरही असू शकतील, पण ते तुम्हाला त्या कागदावरून कळणार नाही. 'निदान बँक बॅलन्स तरी बरोबर असेल ना?' असं लोक विचारतात. एकूण हिशेबावर मत नाकारल्यावर त्याच रिपोर्टात 'अमुक एक खातं मात्र ठीक आहे' असा दाखला द्यायला मानकाची मनाई आहे, कारण वाचणारा नेमका तेवढाच दाखला धरून बसतो.

मात्र डिस्क्लेमर म्हणजे चोरी, असंही नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं पहिलं संपूर्ण ऑडिट २०१८ मध्ये झालं, तेव्हा डिस्क्लेमर आला आणि पुढेही दरवर्षी तेच होत राहिलं. खातं बुडालं म्हणून नव्हे. एवढ्या अफाट मालमत्तेचं अस्तित्व आणि किंमत सिद्ध करणारी कागदपत्रं आणि संगणक-प्रणाल्या जुळत नाहीत म्हणून. एफ-३५ विमानांच्या सुट्या भागांचा हिशेब हे त्यातलं गाजलेलं दुखणं. तेव्हा डिस्क्लेमर वाचताना पुरावा का मिळाला नाही, हे बघा. आग लागली, पूर आला, सर्व्हर गेला, हे एक. व्यवस्थापनाने दिला नाही, हे वेगळं. दुसरं कारण दिसलं तर मी अ‍ॅडव्हर्सपेक्षा डिस्क्लेमरला जास्त घाबरतो. कारण ज्याच्याकडे लपवण्यासारखं असतं, त्याला चूक सापडू देण्यापेक्षा कागद न देणं स्वस्त पडतं.

स्वच्छ मताबद्दलही दोन शब्द, नाहीतर तुम्ही क्वालिफाइड विकून डोळे मिटून स्वच्छ रिपोर्टवाली कंपनी घ्याल. सत्यम कम्प्युटर्स या आयटी कंपनीचे रिपोर्ट वर्षानुवर्षं स्वच्छ होते. जानेवारी २००९ मध्ये अध्यक्षांनी स्वतः पत्र लिहून कबूल केलं की बँकेतली दाखवलेली ५,३६१ कोटींची शिल्लक बहुतांश खोटी होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. काही दिवसांत ऑडिटरांनीही कळवलं की आमच्या जुन्या रिपोर्टांवर आता विसंबू नका. स्वच्छ मत ही वाजवी खात्री असते, हमी नव्हे. शिवाय स्वच्छ मताच्या मागे 'कारो', म्हणजे ऑडिटरच्या रिपोर्टविषयीच्या सरकारी आदेशाप्रमाणे जोडलेल्या परिशिष्टात बरंच काही दडलेलं असतं. कंपनीला ५ कोटींवर खेळतं भांडवल मंजूर असेल, तर बँकेला दर तिमाहीला दिलेले स्टॉक आणि उधारीचे आकडे वह्यांशी जुळतात का, हे ऑडिटरला तिथे लिहावं लागतं. तिथे फरकांचा तक्ता दिसला तर तो एखाद्या सौम्य क्वालिफिकेशनपेक्षा बोलका असतो.

'एम्फसिस ऑफ मॅटर' हा परिच्छेद मात्र वेगळा. त्यात ऑडिटर कंपनीने आधीच सांगितलेल्या एखाद्या टिपेकडे लक्ष वेधतो आणि शेवटी 'याबाबत आमचं मत बदललेलं नाही' असं लिहितो. तो शर्त नाही. पण काही वेळा क्वालिफिकेशन म्हणून यायला हवी होती ती गोष्ट तडजोडीने इथे आणून बसवलेली असते. परिच्छेद वाचून 'मग हे पैसे येणार की नाही?' असा प्रश्न पडला आणि उत्तर मिळालं नाही, तर ती गोष्ट बहुधा चुकीच्या जागी आहे. (आपल्या पतसंस्थांच्या भिंतीवर 'ऑडिट वर्ग अ' अशी पाटी असते, तीही यातली नव्हे. तो सहकार खात्याच्या निकषांवरचा दर्जा आहे. वर्ग बघून मत गृहीत धरू नका, आतला रिपोर्ट मागा.)

आता तुमच्या वडिलांची कंपनी. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे 'पॉसिबल इफेक्ट्स' वालं सशर्त मत दिसतंय, तो शब्द एकदा पाहून घ्या. म्हणजे पट्टी शून्य ते ४० कोटी. सगळे बुडाले असं धरलं तर २२ कोटी नफ्याचा १८ कोटी तोटा. तुम्ही नेट वर्थ लिहिलेली नाही. ती ४०० कोटी असेल तर हा एका वर्षाचा फटका आहे. ६० कोटी असेल तर कंपनीचा दोन-तृतीयांश जीव त्या एका कर्जात अडकलाय.

मग ४० कोटींवरचं व्याज शोधा. ग्रुपमधल्या कंपनीला दिलेल्या ठेवीवर समजा १० टक्क्यांनी व्याज लावलंय, तर दरवर्षी ४ कोटी 'इतर उत्पन्ना'त जमा होतात. ते खरोखर बँकेत आले, की मुद्दलाशेजारी नुसते साचत गेले, ते रोकड प्रवाह पत्रकात आणि संबंधित पक्षांच्या टिपेत दिसेल. आले नसतील तर २२ कोटींतले ४ कोटी आत्ताच कागदी आहेत आणि अडकलेली रक्कम ४० कोटींहून जास्त आहे.

लिस्टेड कंपनी आहे ही तुमच्या फायद्याची गोष्ट. मत स्वच्छ नसेल तर सेबीच्या नियमाप्रमाणे वार्षिक निकालासोबत 'स्टेटमेंट ऑन इम्पॅक्ट ऑफ ऑडिट क्वालिफिकेशन्स' द्यावं लागतं. शेअरबाजाराच्या साइटवर कंपनीच्या निकालाच्या फाइलमध्ये ते शेवटी सापडेल. त्यात एका रकान्यात जाहीर केलेले आकडे असतात आणि शेजारी क्वालिफिकेशन धरून बदललेले. खाली हे क्वालिफिकेशन पहिल्यांदा आलंय की पुन्हा पुन्हा येतंय, तेही लिहावं लागतं. मी सगळ्यात आधी तीच ओळ वाचतो. पहिलंच वर्ष असेल तर व्यवस्थापनाला एक संधी द्यायला हरकत नाही. तिसरं वर्ष असेल आणि दरम्यान ही रक्कम २५ कोटींवरून ४० कोटींवर गेली असेल, तर पैसे परत येत नाहीत एवढंच नव्हे, अजून जातच आहेत.

संचालकांच्या अहवालातही प्रत्येक क्वालिफिकेशनवर खुलासा देणं कंपनी कायद्याने बंधनकारक आहे. 'व्यवस्थापनाला वसुलीचा विश्वास आहे' एवढंच वाक्य असेल तर तो खुलासा धरू नका. तारण काय, परतफेडीची तारीख कोणती, निकालानंतर किती रक्कम जमा झाली, हे हवं. नसेल तर वार्षिक सभा आहेच. ती बहुधा ऑनलाइन असते आणि वक्ता म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं, नोटिशीत ईमेल दिलेला असतो. वडिलांना एवढाच प्रश्न विचारायला सांगा: ३१ मार्चनंतर आजपर्यंत या ४० कोटींपैकी बँकेत किती आले?